पहिल्या मैफलीची पहिली पाच मिनिटं

गुरुपौर्णिमेला क्लासमधल्या पंधरा-वीस जणांमध्ये आपला नंबर येईपर्यंत थांबायचं आणि दहा मिनिटं गाऊन उठायचं, हे गाणं शिकणाऱ्या बहुतेकांनी केलेलं असतं. त्यात चुकलं तरी फार बिघडत नाही. समोर आपलेच लोक असतात आणि लगेच दुसरा कुणीतरी गायला बसतो. एखाद्या म्युझिक सर्कलमध्ये किंवा गणेशोत्सवात आपल्या एकट्याच्या नावावर पाऊण तास लावला जातो, तेव्हा हिशोब बदलतो. पत्रिकेवर नाव छापलेलं असतं, साथीला वयाने आणि अनुभवाने मोठी माणसं असतात आणि मध्येच उठून जायची सोय नसते. वर्षानुवर्षं घरी सुरेल गाणाऱ्या मुलामुलींचे हात अशा वेळी गार पडतात, तोंड कोरडं होतं आणि पहिला षड्ज लावतानाच आवाज थरथरतो.

ख्याल शिकवताना पहिल्या मैफलीला बसणारे बरेच जण मी जवळून पाहिले आहेत. जवळजवळ सगळ्यांचं गाणं बिघडतं ते सुरुवातीला. भीती पाऊण तास सारख्याच जोराने टिकत नाही. मंचावर जाण्याच्या जरा आधी आणि गाणं सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत ती सर्वांत जास्त असते, मग ओसरते. म्हणून भीतीची तयारी करायची तर ती मुख्यतः या पाच मिनिटांची करावी. ती पाच मिनिटं कशी बांधायची आणि त्यात श्वासाचा उपयोग नेमका कसा करायचा, एवढंच इथे सांगायचं आहे.

शरीरात काय होतं

धोका जाणवला की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं, हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे रक्त वळतं, त्यामुळे बोटं गार पडतात. लाळ कमी होते. श्वास भराभर आणि छातीच्या वरच्या भागातून चालतो. वाघापुढून पळायचं असेल तर हे सगळं उपयोगाचं आहे. मांडी घालून मंद्र सप्तकात आलाप करायचा असेल, तर यातली प्रत्येक गोष्ट आड येते.

गायकाला सर्वांत जास्त नडतो तो वर चढलेला श्वास. खांदे उचलून घेतलेला श्वास छातीत वरच अडकतो, गळ्याचे स्नायू आवळतात आणि स्वराखालचा हवेचा दाब एकसारखा राहत नाही. आवाजाची थरथर येते ती इथून. ती गळ्यात ऐकू येत असली तरी तिचं कारण खाली असतं, त्यामुळे गळा घट्ट धरून ती थांबवायला गेलं तर वाढते.

या सगळ्यातली दिलाशाची गोष्ट म्हणजे अ‍ॅड्रेनलिन रक्तात फार वेळ टिकत नाही. काही मिनिटांत त्याचं प्रमाण उतरायला लागतं. ‘आता माझं काही खरं नाही’ असल्या विचारांनी आपण नवी भर घालत राहिलो तरच ते चढं राहतं. म्हणून पहिली पाच मिनिटं निभावली की पुढे शरीरच साथ द्यायला लागतं.

‘मोठा श्वास घे’ हा सल्ला का फसतो

घाबरलेल्या माणसाला सगळेच सांगतात, मोठा श्वास घे. तो बिचारा छाती भरून दहा-बारा श्वास घेतो आणि त्याला आणखी कसंतरी व्हायला लागतं. याचं कारण साधं आहे. भीतीमुळे तो आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्यात आणखी मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. त्याला वाटतं, आता आपण चक्कर येऊन पडणार.

आपल्याला धरता येण्यासारखा भाग आहे तो श्वास सोडण्याचा. शांत बसून मनगटावरची नाडी बोटाने धरा आणि हळू श्वास घ्या, हळू सोडा. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळ येतात, बाहेर जाताना किंचित लांबतात. हृदयाला सावकाश करणारी जी व्हेगस नावाची नस आहे, तिचा अंमल श्वास सोडताना वाढतो. म्हणजे सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांब ठेवला, तर प्रत्येक श्वासागणिक हृदयाला थोडा लगाम बसतो.

त्यासाठीची कृती अशी. मांडी घालून ताठ बसावं, एक हात बेंबीवर ठेवावा. आधी आत असलेली हवा संथपणे सोडून द्यावी. मग नाकाने 4 सेकंद श्वास घ्यावा. हाताखालचं पोट पुढे यावं, खांदे जागचे हलू नयेत. लगेच, मध्ये न रोखता, ओठ किंचित उघडे ठेवून 6 सेकंद सोडावा. एका श्वासाला 10 सेकंद, म्हणजे मिनिटाला 6 श्वास होतात. असं 5 मिनिटं करायचं. छाती गच्च भरायची गरज नाही. नेहमीपेक्षा जरासाच जास्त श्वास पुरतो. मुंग्या आल्या किंवा डोकं हलकं झालं तर आपण फार हवा घेतोय असं समजावं, मोजणी सोडून द्यावी आणि साधा श्वास चालू द्यावा.

सेकंद मोजायचा कंटाळा येतो आणि घड्याळाकडे बघत शांत होणं कठीणच. मी विद्यार्थ्यांना तानपुऱ्यावर मोजायला सांगते. चार तारांचं एक आवर्तन सावकाश छेडलं तर साधारण 4 सेकंद लागतात. एक आवर्तनभर श्वास घ्यायचा आणि दीड ते दोन आवर्तनं सोडायचा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर वेग कमी-जास्त करून ही लय एकदा बसवून ठेवता येते. याचा आणखी एक फायदा होतो. महिनाभर रोज रियाजाआधी असं केलं की तानपुरा सुरू होणं आणि श्वास खाली उतरणं यांची जोडी जमते. मंचावर तानपुरे जुळवले जात असतात, तेव्हा काही वेगळं न करताच श्वास ओळखीच्या वाटेला लागतो. कार्यक्रमाच्या दिवशीच ग्रीनरूममध्ये पहिल्यांदा हा प्रयोग केला तर तो फारसा कामाला येत नाही, तो याच कारणाने.

दुसरी एक कृती अगदी ऐन वेळेसाठी आहे. नाकाने एक श्वास घ्यायचा, तो भरत आला की त्यावरच आणखी एक छोटा श्वास घ्यायचा आणि मग तोंडाने लांब उसासा टाकायचा. खूप रडून झाल्यावर मूल आपोआप असाच दुहेरी श्वास घेतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना महिनाभर रोज 5 मिनिटं हे उसासे टाकायला सांगितलं होतं. त्यांचा मूड सुधारला आणि एरवीचा श्वासाचा वेगही कमी झाला. सूत्रसंचालक आपली ओळख करून देत असताना असे दोन-तीन उसासे पुरेसे होतात. त्याहून जास्त नकोत.

प्राणायामातलं काय करावं, असं पुष्कळ जण विचारतात. भ्रामरी करावी. तोंड मिटून, आपल्या पट्टीच्या षड्जावर हळू गुंजारव केला की श्वास सोडणं आपोआप लांबतं आणि आवाजही हळुवार जागा होतो. कपालभाती मात्र गाण्याआधी करू नये. ती भराभर चालणारी, शरीराला चेतवणारी क्रिया आहे. अंगात आधीच धडधड असताना तिची गरज नसते. श्वास बराच वेळ रोखून धरणारे कुंभकही या वेळी नकोत. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ते एरवीही जाणकाराला विचारल्याशिवाय करू नयेत.

पाऊण तासाचा आराखडा

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीची पहिली मैफल कशी बसवली, ते तपशिलात सांगते. संध्याकाळी साडेसहाची वेळ, 45 मिनिटं, पट्टी काळी चार. राग निवडला यमन. तिला मारवा गायचा होता, कारण तो नवा शिकला होता आणि आवडलाही होता. पण मारव्यात षड्जाला टाळत टाळत फिरावं लागतं. भीतीने कान बावरलेले असताना षड्जाचा आधार सतत मिळेल असा राग पहिल्या मैफलीला बरा. शिवाय यमन तिच्या गळ्यावर सहा वर्षांचा चढलेला होता. पहिल्या मैफलीला राग असा घ्यावा, की अर्धवट झोपेतून उठवलं तरी तो गाता येईल.

विलंबित एकतालातला ख्याल 25 मिनिटं, द्रुत तीनताल 8 मिनिटं, शेवटी एक अभंग 7 मिनिटं. झाले 40. उरलेली 5 मिनिटं मोकळी ठेवली, कारण तानपुरे जुळवायला, पाणी प्यायला आणि कुठे जरा थबकायला वेळ लागतोच. 45 मिनिटांसाठी 45 मिनिटांचं गाणं बसवलं, की घड्याळाची धास्ती भीतीत आणखी भर घालते.

मग लयीचा प्रश्न आला. घाबरलेल्या माणसाला वेळ हळू सरतोय असं वाटतं, म्हणून तो नकळत लय वाढवतो. रियाजात ती मात्रा 4 सेकंदांची धरायची. बारा मात्रांचं एक आवर्तन 48 सेकंदांचं. घरी पाच-सहा जणांसमोर गायला बसवून रेकॉर्डिंग केलं आणि घड्याळ लावून पाहिलं, तर आवर्तन 39 सेकंदांवर आलं होतं. कानाला फरक फार वाटत नव्हता, पण प्रत्येक आवर्तनातले 9 सेकंद गेले होते. 48 सेकंदांत ऐसपैस बसणारी बढत 39 सेकंदांत दाटीवाटीने बसत होती, श्वास घ्यायची जागा नाहीशी झाली होती आणि मुखड्याचे शब्द एकमेकांवर आदळत समेवर येत होते. तिला वाटत होतं आपला दमसास कमी पडतोय. दमसास तोच होता, त्याला मिळणारा वेळ कमी झाला होता.

यावर दोन उपाय केले. मुखडा उचलण्याआधी तो एकदा संपूर्ण, रियाजाच्या लयीत, मनात म्हणायचा आणि मगच तोंड उघडायचं. दुसरा उपाय तबलजींकडे. त्यांना आधीच सांगून ठेवलं, “दादा, मी घाईत उचललं तरी तुम्ही ठेका सावकाशच ठेवा.” तबलजी पहिल्या मुखड्यावरून लय पकडतात. अनुभवी माणसाला एवढं सांगितलेलं असलं की तो पहिल्याच आवर्तनात गाडी रुळावर आणतो. नवख्या गायकांना साथीदारांशी असं बोलायचा संकोच वाटतो. तो सोडावा. मंचावर गायकाच्या सर्वांत जवळ तीच माणसं असतात आणि त्यांनी असल्या पहिल्या मैफली कितीतरी पाहिलेल्या असतात.

सुरुवात लिहून काढावी

ख्याल हे उपजेचं गाणं. सगळं आधीच ठरवून गायचं नसतं, हे खरं. पण पहिल्या मैफलीची सुरुवात मात्र अगदी स्वरन् स्वर ठरवून ठेवावी. उपज सुचायला डोकं मोकळं लागतं आणि सुरुवातीला ते भीतीनेच व्यापलेलं असतं. पाच मिनिटांचं गाणं गळ्यावर पक्कं असलं, की तेवढा वेळ सुचण्यावर भार पडत नाही.

तिची पहिली पाच मिनिटं अशी ठरली. षड्ज लांब धरून सुरुवात करायची नाही. आपल्याकडे दमदार, लांब षड्जाने सुरुवात करायची मोठी परंपरा आहे, पण थरथर सर्वांत उघडी पडते ती लांबवलेल्या स्थिर स्वरावर. म्हणून आधी मंद्र निषादावरून छोटी वळणं घ्यायची: नि रे सा, मग नि रे ग, रे सा. दोन-तीन सेकंदांचे तुकडे, प्रत्येकानंतर थांबायचं आणि श्वास सोडायचा. असे तीन-चार तुकडे झाल्यावर श्वास खाली गेल्याचं कळलं, की मग षड्ज लांब धरायचा. तुकडे छोटे घेण्यात कमीपणा काहीच नाही. कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस क्षयाच्या दीर्घ आजारानंतर जवळपास निकामी झालं होतं. लहान लहान, टोकदार स्वरवाक्यांतून त्यांनी पुढे जे उभं केलं ते सगळ्यांना माहीत आहे. किती लांब गातो यापेक्षा दम कुठे घेतो, हे आधी ठरलेलं असावं. तिने बंदिशीच्या वहीत अशा प्रत्येक जागेवर पेन्सिलने छोटा टिंब काढला होता.

मुखडा उचलल्यावर पहिली तीन आवर्तनं मध्यमाच्या वर जायचं नाही, असंही ठरवलं. घाबरलेला गायक लवकर वर पळतो, कारण तार षड्ज लागला की दाद मिळेल असं त्याला वाटतं. आवळलेल्या गळ्याने तार षड्ज गाठायला गेलं की तो बेसूर लागतो आणि मग पुढची वीस मिनिटं मन तिथेच अडकून राहतं. 48 सेकंदांची तीन आवर्तनं म्हणजे 2 मिनिटं 24 सेकंद. आधीचा आलाप धरला की पाच मिनिटांतला बहुतेक वेळ भरला.

ठरवलेलं ऐन वेळी आठवेनासं झालं तर काय, हेही ठरवून ठेवलं. मुखडा उचलायचा आणि समेवर यायचं. एकतालात नवव्या-दहाव्या मात्रेचं ‘धागे तिरकिट’ ऐकू आलं की मुखडा जवळ आला, ही खूण कानाला सांगून ठेवलेली असते. ती बुद्धी गोंधळली तरी काम करते. समेवर आल्यावर पेटीवाल्यांकडे बघायचं. त्यांनी एखादं आवर्तन भरायचं, हे त्यांच्याशी आधी बोलून झालेलं. एका आवर्तनात 48 सेकंद मिळतात, म्हणजे चार-पाच लांब श्वास सहज बसतात. ऐकणाऱ्याला यात काही बिघडलंय असं कळतसुद्धा नाही, कारण मैफलीत पेटीला अशी जागा देणं रीतीला धरूनच असतं.

भीतीसकट रियाज

एकांतात कितीही रियाज केला तरी तो शांत हृदयाचा रियाज असतो. मैफलीत हृदय शांत नसतं. म्हणून धडधडत्या छातीने गायची सवय वेगळी करावी लागते.

शेवटच्या महिन्यात ती आठवड्यातून दोनदा दोन जिने भराभर चढून यायची आणि दम खाली बसायच्या आत तानपुऱ्यापुढे बसून आपली सुरुवात गायची. पहिल्यांदा अर्थातच सगळं विस्कटलं. पण काही दिवसांत तिला उमगलं, की छाती धडधडत असतानाही श्वास पोटात नेता येतो आणि स्वर जागेवर लागतो. धडधड आणि गाणं एकत्र नांदू शकतात, हे डोक्याला सांगून पटत नाही. शरीराला अनुभवायला लागतं. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र हा प्रयोग करू नये.

दुसरा रियाज माणसांसमोरचा. सहा आठवडे आधी संपूर्ण कार्यक्रम एकदा न थांबता गायचा. चूक झाली तरी मागे जायचं नाही, कारण चूक सुधारून पुन्हा म्हणायची जी रियाजातली सवय असते, तीच मंचावर पाय अडकवते. चार आठवडे आधी घरच्या पाच-सहा जणांसमोर. दोन आठवडे आधी दहा-बारा जणांसमोर, साथीदारांना घेऊन, त्या दिवशी घालायच्या कपड्यांत. कपड्यांचं मुद्दाम सांगते. परकराची नाडी किंवा सलवारीची गाठ घट्ट असेल तर उभं असताना काही जाणवत नाही. मांडी घालून बसलं की पोटाला हलायला जागा राहत नाही आणि श्वास आपोआप छातीत चढतो. तिच्या बाबतीत हे तालमीत कळलं, म्हणून निभावलं. शेवटच्या आठवड्यात नवी तान नाही, नवी सरगम नाही. शेवटचे दोन दिवस अर्ध्या आवाजात, थोडंच गायचं.

त्या संध्याकाळी

साडेतीनला वरण-भात असं हलकं जेवण. उपाशी पोटी हात आणखी थरथरतात आणि भरल्या पोटी दम पुरत नाही. दुपारनंतर कडक चहा-कॉफी नाही, कारण धडधड वाढवायला ती पुरेशी असते. जवळ कोमट पाणी, घोट घोट घ्यायला.

पाचला हॉलवर पोचून ती मंचावर आपल्या जागी जाऊन बसली. दिवे डोळ्यांवर येतात का, समोरची खुर्ची किती लांब आहे, हे बघून घेतलं. साउंडवाल्यांना सांगितलं की मॉनिटरमध्ये तानपुरा आणि पेटी जरा जास्त हवी. तानपुरा नीट ऐकू आला नाही तर चांगला गायकही पट्टीतून हलतो आणि घाबरलेला असेल तर तो आवाज चढवून आणखी बिघडवतो. आईवडिलांना तिसऱ्या रांगेत बसायला सांगितलं. अगदी समोर आईचा काळजीचा चेहरा दिसत राहिला तर लक्ष तिकडेच जातं.

पावणेसहाला पंधरा मिनिटं खर्ज आणि हलका ओंकार. ग्रीनरूममध्ये सगळा यमन गाऊन बघायचा मोह होतो, तो टाळला. सव्वासहाला 5 मिनिटं तानपुऱ्यावरचा श्वास. मग तिला मी एवढंच म्हणायला सांगितलं, तेही मोठ्याने: “मला गायची उत्सुकता आहे.” याला आधार आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एका प्रयोगात लोकांना अनोळखी माणसासमोर गाणं म्हणायला लावलं होतं आणि सुरांचे गुण यंत्राने मोजले होते. गाण्याआधी ‘मी उत्साहात आहे’ असं म्हणणाऱ्यांचे सूर ‘मी घाबरलो आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले लागले. भीतीची आणि उत्सुकतेची धडधड शरीरात जवळपास सारखीच असते. धडधडतं हृदय एकदम शांत करणं अवघड, पण ती धडधड उत्सुकतेची मानणं त्या मानाने सोपं.

मंचावर गेल्यावर तानपुरे जुळवायला तिने सव्वा मिनिट घेतलं. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, त्यामुळे ते करायचंच असतं आणि त्यात श्वासालाही वेळ मिळतो. माइक एक वीतभर अंतरावर घेतला, डोळे मिटले, नि रे सा. दुसऱ्या तुकड्यात आवाज कापला. तिने ठरल्याप्रमाणे थांबून श्वास सोडला आणि तिसरा तुकडा घेतला. मुखडा थोडा चढ्या लयीत उचलला गेला. तबलजींनी ठेका मागे ओढून धरला. नंतर रेकॉर्डिंगवर मोजलं तेव्हा पहिलं आवर्तन 43 सेकंदांचं आणि चौथं 47 सेकंदांचं भरलं. चौथ्या आवर्तनापासून ती उपज करायला लागली होती. अंतऱ्याची दुसरी ओळ एकदा निसटली, तेव्हा ती मुखड्यावर आली आणि पेटीने आवर्तन भरलं.

एवढ्याने भागत नसेल तर

काहींची भीती पाच मिनिटांची नसते. महिनाभर आधी झोप उडते, उलट्या होतात, कार्यक्रम रद्द करायची वेळ वारंवार येते. तिथे श्वासाचे उपाय अपुरे आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जावं. विचारांची सवय बदलणाऱ्या उपचारांचा अशा भीतीवर चांगला उपयोग होतो.

प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांबद्दलही हल्ली विचारलं जातं. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत वादक त्या घेतात, हे खरं आहे. अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम त्या रोखतात, त्यामुळे धडधड आणि हाताचा कंप कमी होतो. व्हायोलिनच्या गजाला याचा उपयोग होत असेल. पण दमा असलेल्या माणसाला ही गोळी धोकादायक ठरू शकते आणि हृदयाची गती किंवा रक्तदाब मुळात कमी असणाऱ्यालाही. दुसऱ्याने दिलेली गोळी कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा घेणं तर अजिबात नको. तपासून, डॉक्टरांनी सांगितलं तरच.

आणि भीती कायमची जाईल, अशी वाट पाहू नये. चेलोवादक पाब्लो कासाल्स जगभर कीर्ती मिळवूनही आयुष्यभर मंचाला घाबरत राहिले आणि वाजवतही राहिले. पुढच्या मैफलींत भीती येते ती लहान होऊन येते, पण त्यासाठी पुढच्या मैफली व्हाव्या लागतात. एकदा घाबरून झाल्यावर वर्षभर गायलाच बसलं नाही, तर मनात फक्त त्या पहिल्या पाच मिनिटांची आठवण उरते आणि ती वाढत जाते.

म्हणून पहिल्या मैफलीच्या आधीच दुसऱ्या मैफलीची तारीख ठरवून टाकावी. दीड-दोन महिन्यांच्या आत, मग ती कुणाच्या दिवाणखान्यातली का असेना. पहिलीचं रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकू नये. चार दिवसांनी, वही घेऊन ऐकावं आणि तीन गोष्टी लिहाव्यात: पहिलं आवर्तन किती सेकंदांचं झालं, श्वास कितव्या मिनिटाला खाली आला आणि अडल्यावर आपण काय केलं. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत दुसऱ्या प्रश्नासमोर ‘सहावं मिनिट’ असं लिहिलेलं आहे. दुसऱ्या मैफलीनंतर तिथे तिने ‘तिसरं’ असं लिहिलं.